जेलच्या फोटोतील पट्ट्या कशा वाचाव्यात? २०७ आणि २४२ यांमधला फरक



सिकल सेलच्या तपासणीबद्दल मी या आधी दोन-तीन वेळा लिहिलं आहे. सोल्युबिलिटी टेस्ट म्हणजे काय, इलेक्ट्रोफोरेसिस आणि एचपीएलसीचा रिपोर्ट कसा वाचायचा, हे नेहमीच्या वाचकांना आठवत असेल. त्यानंतर काहींनी पीसीआरच्या रिपोर्टसोबत आलेला फोटो पाठवून विचारलं, "काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा दिसतात, यातून काय समजायचं?" आज त्या फोटोबद्दल लिहितो.

आमच्या सिहोऱ्यात, म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात आणि एकूणच पूर्व विदर्भात, सिकल सेल हा नेहमीचा विषय आहे. बहुतेकांचं निदान साध्या रक्त तपासणीवरच होतं, जेलपर्यंत जाण्याची वेळ थोड्यांवर येते. पण ज्यांच्यावर येते त्यांच्या बाबतीत साध्या तपासणीने उत्तर दिलेलं नसतं किंवा फसवं दिलेलं असतं. म्हणून तो फोटो नीट वाचणं महत्त्वाचं ठरतं.

फोटोत नेमकं काय असतं?

पीसीआरमध्ये आपल्या डीएनएमधला एक ठरलेला तुकडा निवडून त्याच्या कोट्यवधी प्रती काढल्या जातात. कुठून कुठपर्यंतचा तुकडा घ्यायचा, हे प्राइमर नावाचे दोन छोटे डीएनए ठरवतात. एक सुरुवात दाखवतो, दुसरा शेवट. दोघांमधलं अंतर ठरलेलं असल्यामुळे तयार होणाऱ्या तुकड्याची लांबीही आधीच माहीत असते. ही लांबी बेस पेअरमध्ये, म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांमध्ये मोजतात.

तुकडा खरंच तयार झाला का आणि तो अपेक्षित लांबीचा आहे का, हे बघण्यासाठी ॲगरोज जेल लागतं. ॲगरोज समुद्री शेवाळातून काढतात. घरी चायना ग्रासची जेली केली असेल तर हा पदार्थ तुमच्या ओळखीचाच आहे. त्याची पातळ वडी पाडतात आणि एका टोकाला छोट्या खाचा ठेवतात. प्रत्येक खाचेत एकेक नमुना भरून वीजप्रवाह सोडतात. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे सरकू लागतो. जेलच्या आत बारीक जाळी असते. आठवडी बाजाराच्या गर्दीतून लहान पोरगं सटकन पुढे जातं आणि डोक्यावर पोतं घेतलेला माणूस मागे राहतो, तसंच इथे होतं. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. डीएनएला चिकटणारा चमकणारा रंग घालून अतिनील प्रकाशात फोटो काढला की एकाच लांबीचे तुकडे जिथे जमले असतील तिथे पांढरी पट्टी दिसते. तिलाच बँड म्हणतात.

फोटोत खाचा सहसा वरच्या बाजूला असतात. म्हणजे वरचा बँड मोठ्या तुकड्याचा आणि खालचा लहान तुकड्याचा. एका खाचेखालच्या उभ्या वाटेला लेन म्हणतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बँड पाहून त्या तुकड्यात कोणती अक्षरं आहेत हे कळत नाही, फक्त लांबी कळते. आणि लांबीसुद्धा नुसत्या नजरेने कळत नाही, त्यासाठी शेजारी मोजपट्टी लागते. ती मोजपट्टी म्हणजे लॅडर.

लॅडर कसा वाचायचा?

लॅडर म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांचं तयार मिश्रण. ते नमुन्यांसोबत त्याच जेलवर एका वेगळ्या लेनमध्ये चालवतात. सर्वांत जास्त वापरला जातो तो १०० बेस पेअरचा लॅडर. त्यात १००, २००, ३०० असे १००० पर्यंत आणि काही कंपन्यांच्या लॅडरमध्ये त्याहून पुढेही बँड असतात. शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून हे नाव.

पहिला प्रश्न असा की कोणती पायरी कोणती? पुष्कळ जण खालून मोजायला लागतात आणि तिथेच गल्लत होते. जेल जास्त वेळ चाललं तर १०० चा सर्वांत लहान तुकडा जेलच्या बाहेर निघून जातो, किंवा इतका फिका होतो की फोटोत दिसत नाही. मग सर्वांत खाली दिसणारी पायरी २०० ची असते, पण तुम्ही तिला १०० समजता आणि पुढचं सगळं शंभराने चुकतं. हे टाळता यावं म्हणून बहुतेक कंपन्या ५०० ची पायरी मुद्दाम जास्त ठळक ठेवतात. ती आधी शोधा आणि तिथून खाली-वर मोजा. कोणती पायरी ठळक आहे हे लॅडरच्या पाकिटावरच्या चित्रात दिलेलं असतं, ते लॅबकडे असतं.

दुसरी गोष्ट, पायऱ्यांमधलं अंतर सारखं नसतं. १०० आणि २०० यांच्यामध्ये भरपूर जागा असते, तर ९०० आणि १००० एकमेकांना जवळजवळ टेकलेले असतात. कारण अंतर लांबीच्या वजाबाकीवर नाही, लांबीच्या पटीवर ठरतं. २०० हे १०० च्या दुप्पट आहे, १००० मात्र ९०० च्या जेमतेम सव्वापट देखील नाही. गणिताच्या भाषेत सांगायचं तर सरकलेलं अंतर लांबीच्या लॉगॅरिथमशी जोडलेलं आहे. म्हणून २०० आणि ३०० च्या पायऱ्यांच्या बरोबर मध्यावर बँड असेल तर त्याची लांबी २५० नसून साधारण २४५ असते. इथे फरक किरकोळ आहे, पण वरच्या पायऱ्यांपेक्षा खालच्या पायऱ्यांमध्ये मोजमाप जास्त बारकाईने करता येतं, हे यातून समजतं.

सिकल सेलच्या जेलमध्ये काय अपेक्षित असतं?

पीसीआरचा आणि सिकल सेलचा संबंध जुना आहे. १९८५ साली 'सायन्स' या नियतकालिकात रँडल साइकी, कॅरी म्युलिस आणि सहकाऱ्यांनी पीसीआरचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो सिकल सेलच्याच निदानाबद्दल होता. आज या कामासाठी वेगवेगळ्या पद्धती आहेत. आपण घेऊ ती आर्म्स पीसीआर. बीटा ग्लोबिन जनुकासाठी ऑक्सफर्डच्या जॉन ओल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास ती बसवली. त्यात भारतीय वंशाच्या कुटुंबांचाही अभ्यास होता, आणि भारतात ती पुष्कळ ठिकाणी वापरली गेली.

बीटा ग्लोबिन जनुकात सहाव्या जागी एकच अक्षर बदललं की सिकलचं हिमोग्लोबिन तयार होतं. आर्म्समध्ये प्रत्येक माणसाच्या डीएनएसाठी दोन नळ्या लावतात. 'एन' नळीतला प्राइमर नॉर्मल अक्षरालाच बसतो, 'एम' नळीतला प्राइमर सिकलच्या अक्षरालाच बसतो. प्राइमर बसला तर २०७ बेस पेअरचा तुकडा तयार होतो, नाही बसला तर होत नाही. दोन्ही नळ्यांत २०७ चीच लांबी असते, हे लक्षात घ्या. म्हणजे २०७ चा बँड नॉर्मल जनुकाचा की सिकलचा, हे तो कोणत्या नळीत आला यावरून ठरतं, लांबीवरून नाही.

पण बँड आला नाही तर? प्राइमर बसला नाही म्हणून आला नाही, की डीएनएच खराब होता, की नळीत काही घालायचं राहून गेलं? हे कळावं म्हणून दोन्ही नळ्यांत आणखी एक प्राइमरची जोडी घालतात. ती याच जनुकाच्या शेवटाकडचा ८६१ बेस पेअरचा तुकडा बनवते. हा कंट्रोल बँड. तो दिसला म्हणजे नळीत पीसीआर झालं. तो कुठेच दिसला नाही तर त्या नळीबद्दल काहीही बोलायचं नाही, तपासणी पुन्हा करायची.

आता वाचन सोपं होतं. नॉर्मल माणसाच्या एन नळीत ८६१ आणि २०७, एम नळीत फक्त ८६१. सिकलच्या वाहकाच्या, म्हणजे एएस व्यक्तीच्या, दोन्ही नळ्यांत ८६१ आणि २०७. सिकलच्या रुग्णाच्या, म्हणजे एसएस व्यक्तीच्या, एन नळीत फक्त ८६१ आणि एम नळीत ८६१ व २०७. चांगली लॅब याच जेलवर आधीच माहीत असलेल्या एए, एएस आणि एसएस व्यक्तींचे नमुनेही चालवते. शिवाय एक ब्लँक असते, म्हणजे डीएनएऐवजी पाणी घातलेली नळी. ब्लँकमध्ये एकही बँड दिसायला नको. अगदी खाली, १०० च्याही खाली, धुरकट पट्टा दिसला तर काळजी नको. ते प्राइमर एकमेकांना चिकटून झालेले तुकडे असतात. पण ब्लँकमध्ये २०७ दिसला तर दुसऱ्या कुणाचा तरी डीएनए नळ्यांत गेला आहे असं समजायचं आणि तो सगळा जेल रद्द धरायचा.

एका मुलीचा जेल

ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून एक उदाहरण सांगतो.

सहा वर्षांची मुलगी. वरचेवर हातपाय दुखायचे, डोळे पिवळसर, पोटात डाव्या बाजूला प्लीहा हाताला लागत होती. हिमोग्लोबिन फार उतरलं म्हणून तिला एका दवाखान्यात रक्त चढवलं होतं. त्यानंतर तीन आठवड्यांनी एचपीएलसी झाली. त्यात हिमोग्लोबिन ए सर्वांत जास्त आणि एस त्याहून कमी, असं आलं. वाहकाचं चित्र असंच असतं. पण चढवलेलं रक्त दात्याचं, त्यातलं हिमोग्लोबिन ए देखील दात्याचं. मुलीचं स्वतःचं ए त्यात आहे की नाही, हे एचपीएलसीवरून सांगता येत नव्हतं.

अशा वेळी डीएनए कामी येतो. चढवलेल्या लाल पेशींना केंद्रक नसतं, म्हणून त्यांच्यात हा डीएनए नसतो. दात्याच्या ज्या थोड्या पांढऱ्या पेशी आलेल्या असतात त्याही लवकर नाहीशा होतात. तेव्हा मुलीच्या रक्तातून काढलेला डीएनए जवळजवळ सगळा तिचाच असतो. नमुना गेला आणि रिपोर्ट आला, 'सिकल सेल वाहक'. सोबत जेलचा फोटो होता.

वडील रिपोर्ट घेऊन आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दोन्हीकडे रेघा आल्या म्हणजे वाहकच ना? मग पोरगी इतकी आजारी का पडते?"

मी म्हटलं, "भाऊ, तुमचा दुसरा प्रश्न अगदी बरोबर आहे. नुसत्या वाहकाला इतकं दुखत नाही, इतकं रक्त कमी होत नाही. आपण फोटो पुन्हा एकदा नीट पाहू."

फोटो मोठा करून पाहिला. मुलीच्या दोन्ही लेनमध्ये वर ८६१ च्या जागी बँड होता, तो लॅडरच्या ८०० आणि ९०० यांच्यामध्ये व्यवस्थित बसत होता. खाली २०७ चा बँड होता, दोन्ही लेनमध्ये. पण त्या खालच्या बँडच्या थोडं वर आणखी एक बँड होता, तोही दोन्ही लेनमध्ये. घाईत पाहिलं तर खालचा भाग नुसता जाड वाटतो. शेजारी माहीत असलेल्या वाहकाच्या लेन होत्या, त्यात मात्र खाली एकच बारीक पट्टी होती.

आता लॅडर लावू. फोटो छापून घेतला आणि खाचेच्या कडेपासून मिलिमीटरमध्ये अंतर मोजलं. २०० ची पायरी ६२ वर आली, ३०० ची ५३ वर. मुलीचा खालचा बँड ६१ च्या किंचित पुढे, म्हणजे २०० च्या पायरीला जवळजवळ टेकलेला. तो २०७, यात शंका नाही. वरचा बँड ५७.८ वर. २०० आणि ३०० च्या मधला बिंदू ५७.५ आहे, म्हणजे हा बँड जवळजवळ मधोमध. मधोमध म्हणजे सुमारे २४५, हे आपण वर पाहिलं. लॉगॅरिथमने नेमका हिशेब केला तर असा:

```
log(200) = 2.301    log(300) = 2.477
9 mm मध्ये फरक 0.176, म्हणजे 1 mm ला 0.0196
62.0 - 57.8 = 4.2 mm
2.301 + 4.2 × 0.0196 = 2.383  →  सुमारे 242
```

उत्तर २४२ आलं म्हणून तो बँड बरोबर २४२ चाच आहे असं नाही. फोटोवर अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झालं की पाच-सहा बेस पेअरचा फरक पडतो. म्हणजे २३५ ते २५० च्या दरम्यान काहीतरी, इतकंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. पण २०७ तो नक्कीच नाही. त्यासाठी त्याला तीन मिलिमीटरहून जास्त खाली यावं लागलं असतं.

हा तिसरा बँड कुठून आला?

या नळ्यांत २०७ आणि ८६१ सोडून काहीच तयार व्हायला नको होतं. तरीही २४२ च्या आसपासचा तुकडा तयार झाला, तोही दोन्ही नळ्यांत. दोन्ही नळ्यांत सारखी असते ती कंट्रोलची जोडी. म्हणजे या बँडचा माग ८६१ कडे जातो.

८६१ बनवणारे दोन प्राइमर जनुकाच्या शेवटच्या भागाच्या अलीकडे आणि पलीकडे बसतात. बीटा थॅलेसेमियाचा एक प्रकार असा आहे की त्यात जनुकाचा शेवटाकडचा ६१९ बेस पेअरचा भागच गळून गेलेला असतो. त्याला ६१९ डिलीशन म्हणतात. ते विशेषतः सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत आढळतं. तो भाग गळाला की प्राइमर तेच राहतात, पण त्यांच्यातलं अंतर कमी होतं. ८६१ मधून ६१९ वजा केले की उरतात २४२.

म्हणजे कंट्रोलच्या जोडीनेच एक वेगळा आजार पकडला होता. मुलीच्या एका गुणसूत्रावर पूर्ण जनुक होतं, त्यातून ८६१ आला. दुसऱ्यावर गळालेलं जनुक होतं, त्यातून २४२ आला. २४२ चा बँड ८६१ पेक्षा ठळक होता, पण त्याचा अर्थ डिलीशन जास्त आहे असा नाही. लहान तुकड्याच्या प्रती सहज बनतात, म्हणून तो ठळक दिसतो. साध्या पीसीआरमध्ये ठळकपणावरून प्रमाण काढायचं नाही.

आता एन नळीतल्या २०७ चा उलगडा होतो. गळालेला भाग जनुकाच्या शेवटाचा आहे. सिकलचं अक्षर मात्र सुरुवातीला, सहाव्या जागी. म्हणून गळालेल्या जनुकावर सहाव्या जागी नॉर्मल अक्षर जसंच्या तसं असतं आणि एन नळीत २०७ तयार होतो. प्राइमरच्या दृष्टीने ते नॉर्मल, पण त्या जनुकातून हिमोग्लोबिन मुळीच बनत नाही. एका जनुकातून फक्त एस, दुसऱ्यातून काहीच नाही. या स्थितीला सिकल बीटा थॅलेसेमिया म्हणतात आणि या प्रकारात त्रास जवळजवळ एसएस इतकाच होतो. फक्त २०७ पाहिला तर मुलगी वाहक, २४२ पाहिला तर रुग्ण.

खात्री कशी केली?

एका फोटोतल्या एका बँडवर कुणाचं निदान बदलायचं नसतं. अधूनमधून प्राइमर चुकीच्या जागी बसून भलतेच तुकडेही तयार होतात. म्हणून तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, तो बँड जेलवरच्या इतर लेनमध्ये आहे का? माहीत असलेल्या एए, एएस, एसएस नमुन्यांत तो नव्हता, ब्लँकमध्येही नव्हता. म्हणजे तो प्राइमरांच्या सर्वसाधारण गोंधळाचा नव्हता, मुलीच्या डीएनएचा होता.

दुसरी, लॅबला विनंती केली की नव्या नमुन्यावर तीन टक्के ॲगरोजच्या जेलमध्ये, शेजारच्याच लेनमध्ये लॅडर ठेवून, फक्त कंट्रोलची जोडी घालून पुन्हा पीसीआर करा. २४२ त्या जोडीचा असेल तर ८६१ आणि २४२ दोन्ही राहायला हवेत आणि २०७ नाहीसा व्हायला हवा. तसंच झालं.

तिसरी, आईवडील. आईकडे सिकल वाहकाचं कार्ड आधीपासून होतं. वडिलांची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह होती, म्हणून त्यांच्याकडे कुणी पुढे पाहिलं नव्हतं. पण ती टेस्ट फक्त हिमोग्लोबिन एस पकडते. थॅलेसेमियाच्या वाहकाला ती 'निगेटिव्ह' म्हणते आणि ते तिच्या परीने बरोबरच असतं. वडिलांना विचारलं तेव्हा कळलं की त्यांचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून इकडे आले होते. त्यांच्या साध्या सीबीसीत लाल पेशी आकाराने लहान निघाल्या आणि एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए२ पाचाच्या वर गेलं. हे थॅलेसेमियाच्या वाहकाचं चित्र. जेलवर त्यांच्या एन नळीत ८६१, २४२ आणि २०७ आले, तर एम नळीत ८६१ आणि २४२.

वडिलांची एम नळी पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. वर एक बँड, खाली एक बँड. लॅडर न लावता पाहिलं तर ती हुबेहूब वाहकाच्या एम नळीसारखी दिसते आणि सिकल नसलेल्या माणसाला आपण सिकलचा वाहक ठरवून बसतो. मुलीच्या बाबतीत २४२ कडे दुर्लक्ष झालं तर आजार निसटतो, वडिलांच्या बाबतीत २४२ ला २०७ समजलं तर नसलेला दोष चिकटतो. पस्तीस बेस पेअरचा फरक, फोटोवर तीन-साडेतीन मिलिमीटर.

निदान बदलल्यावर मुलीचे उपचारही बदलले. वाहकाला उपचार लागत नाहीत. तिला मात्र हायड्रॉक्सियुरिया, फोलिक ॲसिड, न्यूमोकोकसची लस आणि ताप आल्यावर थांबून न राहता दवाखाना गाठायची सूचना, हे सगळं लागू झालं. आईवडिलांना सांगितलं की प्रत्येक पुढच्या गर्भात हाच आजार येण्याची शक्यता चारात एक आहे, आणि त्याची तपासणी गर्भारपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. त्यासाठी आईचं आणि वडिलांचं दोघांचंही नेमकं म्युटेशन आधी माहीत असावं लागतं. आता ते माहीत आहे.

लॅडर कुठे फसवू शकतो?

लॅडर मोजपट्टी असला तरी तो जेलच्या एका जागी असतो आणि नमुना दुसऱ्या जागी. जेलचा मधला भाग जास्त तापतो, त्यामुळे मधल्या लेनमधले बँड कडेच्या लेनपेक्षा थोडे पुढे पळतात आणि सगळी रांग हसऱ्या तोंडासारखी वाकते. लॅडर फक्त डाव्या टोकाला असेल आणि नमुना मध्यावर असेल, तर खरा २४२ खाली सरकून २२५ सारखा दिसू शकतो. हे ओळखायचं कसं? सगळ्या लेनमध्ये असणारा ८६१ चा बँड एका सरळ रेषेत आहे का, ते पाहा. तो मध्ये खाली वाकला असेल तर लहान बँडही तितकेच वाकले आहेत, असं समजायचं. यावर उपाय म्हणजे दोन्ही टोकांना लॅडर, आणि शंका असलेल्या नमुन्याच्या शेजारी माहीत असलेला नमुना.

दुसरी अडचण जेलच्या घट्टपणाची. एक टक्क्याचं जेल मोठ्या तुकड्यांसाठी चांगलं, पण त्यात २०७ आणि २४२ एकमेकांत मिसळून एकच जाड पट्टी दिसते. दोन ते तीन टक्क्यांवर ते सुटे होतात. म्हणून 'एकच बँड दिसला' यावर विश्वास ठेवण्याआधी त्या जेलमध्ये ते दोन बँड वेगळे दिसू शकले असते का, हे विचारायला हवं. लॅडरच्या २०० आणि ३०० च्या पायऱ्या एकमेकींपासून नीट सुट्या दिसत नसतील तर उत्तर 'नाही' असं आहे.

शेवटची मर्यादा सर्वांत महत्त्वाची. जेलवर तेच दिसतं ज्यासाठी प्राइमर घातले आहेत. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सर्वाधिक आढळणारं म्युटेशन ६१९ डिलीशन नाही. ते एका अक्षराचा बदल आहे, आयव्हीएस १-५ नावाचा. त्यात काही गळत नाही, त्यामुळे कंट्रोलचा बँड ८६१ चाच राहतो आणि वर सांगितलेल्या दोन नळ्यांत त्याची खूणही उमटत नाही. त्यासाठी वेगळ्या प्राइमरची वेगळी नळी लागते. म्हणून वडिलांकडून ६१९ ऐवजी हे म्युटेशन आलं असतं तर मुलीचा जेल अगदी स्वच्छ वाहकाचा दिसला असता, लॅडर कितीही काळजीपूर्वक लावला तरी. तेव्हा जेलवर 'वाहक' आणि समोर आजारी मूल, असं चित्र असेल तर फोटोवर न थांबता आईवडील दोघांची सीबीसी आणि ए२ सह एचपीएलसी करून घ्या.

तुमच्याकडे असा फोटो असेल तर तो घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि चार गोष्टी विचारा. लॅडर कोणता आणि ५०० ची पायरी कोणती? कंट्रोल बँड सगळ्या लेनमध्ये आहे का आणि तो सरळ रेषेत आहे का? ब्लँक रिकामी आहे का? आणि अपेक्षित लांबीशिवाय आणखी एखादा बँड दिसतो का, दिसत असेल तर त्याची लांबी किती? रिपोर्टच्या एका ओळीत यातलं काहीच नसतं. फोटोत सगळं असतं, म्हणून लॅबकडून फोटो मागून घ्या आणि जपून ठेवा.